चारला नळ येतो, सर

मागच्या पोरांना ऐकू येतंय का? बरं. विषय दिलाय अभ्यासाच्या टाईमटेबलचा व्हिडिओ कसा करायचा, पण आधी माझी फजिती ऐका.

माझा पहिला व्हिडिओ. पांढरा शर्ट, मागं पुस्तकांचं कपाट, त्यातली निम्मी पुस्तकं बायकोची. सुरुवात काय तर, ‘विद्यार्थी मित्रांनो, वेळेचं महत्त्व आपण सर्व जाणतोच.’ मग पहाटे 4 ला उठा, 14 तास बसा. नंतर किती जण बघत राहिले त्याचा ग्राफ बघितला, पहिल्या 20 सेकंदातच रेघ विहिरीत पडल्यासारखी खाली! कारण कळंना. तर क्लासमधली दहावीची एक पोरगी म्हणली, ‘सर, चारला आमच्याकडं नळ येतो, अन् तोबी आठ दिवसाला. मी अभ्यास कवा करू?’ वर्ग हसला, मीबी हसलो, पण रात्री झोप लागंना. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेली आपण लातूरची माणसं, अन् मी कुणाचं टाईमटेबल सांगूलालो?

दुसरा व्हिडिओ तिथूनच सुरू केला. नळाखाली हंडा, शेजारी बीजगणिताचं उघडं पुस्तक, आतून आईचा आवाज, ‘भरला का गं?’ नमस्कार नाही, माझं नाव नाही. पोरं थांबली, कारण ते घर त्यांचंच होतं. (चिठ्ठी आली, दहाच मिनिटं. चहाला अर्धा तास दिला होता ते कोणी बोलत नाही.)

तर टाईमटेबल. त्या नळवाल्या पोरीला आधी तीन दिवस खरोखर काय केलं ते लिहायला लावलं, काय करणार ते नाही. शाळा 11 ते 5, जाणं-येणं, स्वयंपाकात मदत, मोबाईल, सगळं धरून हातात उरले साडेतीन तास. मी 3 च धरले. सकाळी साडेसहा ते साडेसात बीजगणित, सोडवलेलं उदाहरण झाकून स्वतः सोडवायचं. संध्याकाळी 7 ते 8 विज्ञान. 9 ते 10 मध्ये 40 मिनिटं इतिहास किंवा भाषा, शेवटची 20 मिनिटं वही मिटून दिवसभराचं कोऱ्या कागदावर. नुसतं परत वाचलं की पान ओळखीचं वाटतं, अन् पोरगं समजतं की येतंय. कोऱ्या कागदावर लगेच उघडं पडतं. अडलं तिथं लाल खूण, उद्याची सुरुवात त्या खुणेनं.

रविवारी 40 मार्काचा एक पेपर, घड्याळ लावून 2 तास. एकदा बीजगणित, एकदा भूमिती, मग विज्ञानाचे दोन भाग. दुपारचा एक तास रिकामा, नळाच्या दिवशी बुडलेला तास तिथं भरायचा. हा तास बघितला की पालकांचा हात शिवशिवतो, तिथं इंग्रजी घालतात, अन् पुढच्या नळाला सगळं कोसळतं. एखादा तास सलग तीन दिवस बुडला तर पोराला बोलू नका, तो तास हलवा.

हां, शेवटचं, उठू नका. व्हिडिओत हा तक्ता पाच सेकंद तरी न हलता ठेवा, पोरं स्क्रीनशॉट काढतात. अन् एकदम खाली लिहू नका, तिथं बटणं येतात. माझा रविवार त्यातच झाकला गेला होता.