उम की आउफ? आलेखाचं जर्मन

पुण्यातला शनिवार. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर जर्मनचा क्लास भरलाय. बी-वनची तोंडी परीक्षा तोंडावर आली आहे. तिच्यात एक छोटं प्रेझेंटेशन द्यावं लागतं, म्हणून आज आलेखाबद्दल बोलायचा सराव आहे. फळ्यावर आज तीनच स्तंभ आहेत. जर्मनीत वापरल्या जाणाऱ्या विजेत सौर, पवन वगैरे अक्षय स्रोतांचा वाटा किती? 2000 साली साधारण 6 टक्के, 2010 साली 17 आणि 2020 साली 45.

नर्सिंगचं शिक्षण घेतलेली एक मुलगी उभी राहते. सुरुवात पाठ आहे, ती छान जमते: "डी ग्राफीक त्साइक्ट...", म्हणजे आलेख दाखवतो की... पुढच्याच वाक्यात ती म्हणते, "डेअर आन्टाइल श्टीग उम झीबत्सेन प्रोत्सेंट."

मॅडम खडू खाली ठेवतात. "अगं, सतरा टक्क्यांनी वाढला की सतरा टक्क्यांवर गेला?"

"सतरावर गेला, मॅडम."

"मग उम नाही, आउफ."

मराठीत हा फरक आपण रोज पाळतो. दुधाचा भाव दोन रुपयांनी वाढतो आणि साठ रुपयांवर जातो; 'नी' आणि 'वर' यांची अदलाबदल कुणी करत नाही. जर्मनमध्ये 'नी'चं काम उम करतं, 'वर'चं आउफ, आणि सुरुवातीचा आकडा फॉन सांगतो. ते लक्षात घेऊन मुलगी पुन्हा वाक्य जुळवते: "डेअर आन्टाइल श्टीग फॉन झेक्स आउफ झीबत्सेन प्रोत्सेंट." सहावरून सतरावर. आता बरोबर.

मग वाढ किती झाली? मागच्या बाकावरून उत्तर येतं, "उम एल्फ प्रोत्सेंट." अकरा टक्क्यांनी.

इथे मात्र मराठीची सवय आड येते. खडकवासला धरणसाखळीतला पाणीसाठा 40 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर गेला, की आपण सरळ 'दहा टक्क्यांनी वाढला' म्हणतो आणि ऐकणाऱ्यालाही ते कळतं. पण 40 च्या दहा टक्के म्हणजे 4. खरोखर दहा टक्क्यांनी वाढला असता, तर साठा 44 वर थांबला असता. आलेखातही तेच. 6 चे अकरा टक्के म्हणजे एकसुद्धा पूर्ण होत नाही. दोन टक्केवारींमधलं अंतर सांगायला जर्मनमध्ये प्रोत्सेंटपुंक्टं, म्हणजे टक्केबिंदू, हा शब्द आहे: "उम एल्फ प्रोत्सेंटपुंक्टं." हा शब्द जड वाटला तर मॅडम एक पळवाट सुचवतात: "डेअर आन्टाइल हाट झिश फास्ट फेअरड्राइफाख्ट." वाटा जवळजवळ तिप्पट झाला. खरं तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात हेच वाक्य जास्त राहतं.

वर्ष सांगतानाही घसरायला होतं. इंग्रजीच्या सवयीने तोंडात 'इन 2010' येतं. जर्मनमध्ये 'इम यार 2010' म्हणावं, नाहीतर नुसतं 2010. आणि वर्ष वाक्याच्या सुरुवातीला आलं की त्याच्यामागे लगेच क्रियापद हवं: "इम यार 2020 लाग डेअर आन्टाइल बाय एत्वा 45 प्रोत्सेंट." लाग म्हणजे होता, ते आधी; आन्टाइल म्हणजे वाटा, तो नंतर. मराठीत क्रियापद शेवटी जातं, म्हणून हे वाक्य डोळ्यांना पटलं तरी जिभेला पटायला वेळ लागतो. एत्वा म्हणजे साधारण. आकडे पूर्णांकात आणले असतील तर हा शब्द गाळू नये.

आता एक चूक व्याकरणाची नाही, वाचनाची आहे. एक मुलगा आत्मविश्वासाने सांगतो की 2020 साली जर्मनीची 45 टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांतून आली. पण फळ्यावर शीर्षक आहे श्ट्रोमफेअरब्राउख, विजेचा वापर. घरं तापवायला लागणारा गॅस आणि गाड्यांचं पेट्रोल त्यात धरलेलंच नाही. ते धरलं तर 2020 चा आकडा साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो. म्हणून मॅडम आधी शीर्षक मोठ्याने वाचायला लावतात आणि मगच स्तंभांकडे वळू देतात.

शेवटी परीक्षक विचारणार, "वारुम?" का वाढला? 2000 साली जर्मनीत अक्षय ऊर्जेचा कायदा लागू झाला, हे वर्गातल्या दोघातिघांना माहीत आहे. पण फळ्यावरच्या तीन स्तंभांत तो कायदा कुठेच दिसत नाही. मॅडम वाक्याची सुरुवात बदलायला सांगतात: "फेअरमूटलिश." बहुधा. मुलगी ते उचलते, "फेअरमूटलिश डास गेझेत्स हाट..." आणि स्वतःच थांबते. "फेअरमूटलिश हाट डास गेझेत्स आइनं रोलं गेश्पील्ट." बहुधा त्या कायद्याचाही वाटा असावा.

"पुढचा कोण?" मॅडम विचारतात.