‘निदान’ म्हणू नका

(तालुक्याच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष, वाचनालयाची मंडळी आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय ‘गर्भपातानंतर जोडीदाराला धीर कसा द्यावा’. मी दिला होता तो ‘जोडीदाराशी काय बोलावं’ असा. ‘धीर देणे’ ही चिटणीसांची भर. त्यांच्यावर राग नाही, पण गडबड होते ती इथूनच. एकदा द्यायचं ठरलं की माणूस हात आखडता घेत नाही, बदाबदा देत सुटतो. मला सांगायचंय ते उलटं आहे. एकूण तीन वाक्यं पुरतात. ती शेवटी सांगणार आहे, म्हणजे तुम्ही चहापर्यंत हलणार नाही.

त्याआधी एका शब्दाविषयीची माझी जुनी तक्रार ऐकून घ्या. शब्द ‘निदान’. त्याचे दोन अर्थ आहेत. एक निदान डॉक्टर करतो. दुसरं नातेवाईक करतात. ‘निदान लवकर गेलं.’ ‘निदान दिवस राहतात हे तरी कळलं.’ ‘निदान तुझ्या जिवावर बेतलं नाही.’ ‘निदान घरात एक आहे ना.’ यातलं प्रत्येक वाक्य खरं असतं, आणि पंचाईत तिथेच आहे. खोटं असतं तर तिला भांडता आलं असतं. खऱ्यापुढे काय बोलणार? ती गप्प बसते. ती गप्प बसली की आपण म्हणतो, चला, पटलं वाटतं.

हे मी वरच्या पायरीवर उभा राहून सांगत नाही. १९९१ साली आमच्या घरी हेच झालं. दहावा आठवडा होता. माझी प्रॅक्टिस नवी, अंगात पुस्तकं भिनलेली. घरी आणल्यावर ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी स्टूल ओढलं आणि सुरू झालो. माहीत असलेल्या गर्भारपणांपैकी शंभरात दहा ते वीस असे जातात, त्यातले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो, म्हणजे ते वाढणारच नव्हते. शेवटी म्हणालो, ‘निदान लवकर गेलं.’

ती वळली. शांतपणे म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर जा आणि माझ्या नवऱ्याला आत पाठवा.’

(हशा)

हसा, हसा. तीही पहिल्या रांगेत बसून हसतेय. तिला विचारूनच सांगतोय हे. त्या दिवशी मात्र मी खरंच बाहेर गेलो. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावत दहा मिनिटं उभा राहिलो, कारण नवऱ्याने आत जाऊन काय बोलायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. एमडीला तो पेपर नसतो. शेवटी आत गेलो आणि काही न सुचून म्हणालो, ‘मलाही वाईट वाटतंय गं.’ तेव्हा ती पहिल्यांदा रडली. मी घाबरलो, वाटलं बिघडवलं. ते बिघडलं नव्हतं हे कळायला मला पुढची काही वर्षं लागली.

जाता जाता माझ्या व्यवसायाचाही एक दोष पदरात घालतो. मराठीत आपोआप गेलं तरी गर्भपात आणि करवून घेतला तरी गर्भपातच. इंग्रजी वैद्यकाचीही जुनी सवय तीच. केसपेपरवर आम्ही ‘मिस्ड अबॉर्शन’ लिहून मोकळे होतो. म्हणजे गर्भाची वाढ थांबली आहे, पण शरीराने अजून त्याला बाहेर टाकलेलं नाही. आमच्या दृष्टीने ते नुसतं नाव. ती घरी जाऊन फाइल उघडते, ‘अबॉर्शन’ वाचते आणि विचारते, ‘मी कुठे केलं?’ सासूबाई चष्मा लावून तेच वाचतात, मग आणखी निराळी गंमत. म्हणून नवरे मंडळींना सांगतो, फाइल तिच्याआधी तुम्ही वाचा, शब्द कळला नाही तर आम्हाला विचारा आणि मगच तिच्या हाती द्या.

आता एक जोडपं सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. तो एसटीत कंडक्टर, दिवसभर ओरडून घरी मुका होणारा. ती शिवणकाम करायची. सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले होते. अकराव्या आठवड्यात नेहमीच्या तपासणीला आली. ना दुखणं, ना अंगावर जाणं. गर्भाची लांबी मात्र नवव्या आठवड्याएवढी आणि ठोके नाहीत. लांबी सात मिलिमीटरच्या आत असेल तर आम्ही घाई करत नाही, निदान सात दिवसांनी (हा ‘निदान’ चालतो) पुन्हा बघतो. इथे ती तिपटीहून जास्त होती, शंकेला जागा नव्हती. तरी दुसऱ्या डॉक्टरांकडून खात्री करून घेतली.

तिने विचारलं, ‘म्हणजे दोन आठवडे मी उगाचच जपून चालत होते?’

खोलीत कुणाकडे उत्तर नव्हतं. तिची आई म्हणाली, ‘अगं, वर्षात पाळणा हलेल.’ कंडक्टर काहीच बोलला नाही. तिची पिशवी उचलली आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

त्यांनी गोळ्यांचा मार्ग निवडला. पहिली गोळी दवाखान्यात, पुढच्या एक-दोन दिवसांनी घरी. दुसऱ्या गोळ्यांनंतर साधारण काही तासांत कळा आणि रक्तस्राव सुरू होतो. नेहमीच्या पाळीपेक्षा बराच जास्त, गाठी पडतात, काही वेळा बाईला काय पडलं ते दिसतं. हे आधी सांगावं लागतं, नाहीतर मध्यरात्री संडासात एकटी बाई भेदरते. मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. दाराला आतून कडी लावू देऊ नकोस, चक्कर येऊ शकते. आणि तू दाराबाहेर बस.

पुढचं तिनेच मला फेरतपासणीला सांगितलं. हा पाट घेऊन मोरीच्या दाराबाहेर बसला. दर थोड्या वेळाने एकच वाक्य म्हणायचा, ‘मी दाराबाहेर आहे.’ ‘बरी आहेस का’ नाही, ‘झालं का’ नाही, ‘सगळं ठीक होईल’ तर नाहीच. रात्री बारापासून साडेतीनपर्यंत, तेच वाक्य, त्याच आवाजात. ती म्हणाली, ‘मधे मला वाटायचं हे झोपले असतील. तेवढ्यात यायचं, मी दाराबाहेर आहे.’

मग घरी रोजचा प्रश्न सुरू झाला. ‘मी मशीन पायाने चालवत होते म्हणून झालं का?’ पहिल्या दिवशी तो म्हणाला, ‘तू काही केलंस म्हणून हे झालं नाही.’ दुसऱ्या दिवशी तिने तेच विचारलं, त्याने तेच सांगितलं. आठवडाभर हेच. आमच्यासारखा शिकलेला असता तर तिसऱ्या दिवशी कंटाळून नवं उत्तर शोधलं असतं, गुणसूत्रं काढली असती, इंटरनेटवरचा लेख वाचून दाखवला असता. मग तिच्या मनात आलं असतं, काल असं म्हणाले, आज तसं म्हणतात, म्हणजे काहीतरी लपवतात. ती माहिती विचारत नसते. कालचं उत्तर जागेवर आहे का, एवढंच हात लावून बघत असते. म्हणून शब्दसुद्धा बदलायचे नाहीत.

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. म्हणजे जे सांगायला आलो त्याला सात आणि बायकोच्या टोमण्याला वीस. असो, भराभर घेतो.

पहिलं वाक्य ऐकलंत: ‘तू काही केलंस म्हणून हे झालं नाही.’ ‘तुझी काही चूक नाही’ म्हणू नका. त्यात ‘चूक’ हा शब्द तुम्ही आणून ठेवता, आणि रात्री तिच्या उशाशी तेवढाच उरतो. शिवण, पायऱ्या, पपईची एखादी फोड, ऑफिसातलं भांडण, यांनी पहिल्या तिमाहीतला गर्भ जात नाही. हे तुम्ही बिनधास्त सांगू शकता, डॉक्टरच्या नावावर.

दुसरं, ‘मलाही वाईट वाटतंय.’ पुरुष हे गिळतात, कारण ‘तू खचलास तर तिला कोण सावरणार’ हे त्यांना चार काकांनी सांगितलेलं असतं. तिला मात्र कोरडा चेहरा दिसतो आणि ती धरून चालते की गेलं ते फक्त माझं. एकदाच म्हणा, खरं असेल तरच म्हणा, आणि मग रडायचं तर रडा. तिने तुमची समजूत काढत बसावं एवढं मात्र नको. त्यासाठी मित्राला फोन करा.

तिसरं, ‘मी आहे.’ त्याला वेळ जोडा. ‘सातला येतो’ म्हणा आणि सातला या. ‘तुला काय हवंय?’ विचारू नका, तिला ते ठरवता येत नसतं. ‘खिचडी लावू की वरणभात?’ एवढं विचारा.

बाकीचं न बोलता करण्याचं. कुणाकुणाला कळवायचं ते तिला विचारा आणि फोन तुम्हीच करा, म्हणजे तीच गोष्ट तिला बारा वेळा सांगावी लागणार नाही. तिच्या मोबाइलवरचं ‘तुमचं बाळ आज लिंबाएवढं झालं’ म्हणणारं ॲप तिला विचारून काढून टाका. विचारून, बरं का! एकाने न विचारता सोनोग्राफीचा फोटोही उडवला होता, त्याला अजून ऐकून घ्यावं लागतं. ती नोकरी करत असेल तर कायद्यातच गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे. कागदपत्रं घेऊन तिच्या ऑफिसात तुम्ही जा. चौथ्या-पाचव्या महिन्यात गेलं असेल तर दोन-चार दिवसांनी दूध येऊ शकतं. ते कुणी आधी सांगत नाही आणि त्या सकाळी ती कोसळते. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. प्रसूतीची दिलेली तारीखही लक्षात ठेवा. त्या दिवशी ‘आज ती तारीख आहे, मला आठवण आहे’ म्हटलं तरी पुरे.

शब्द कुठे पुरत नाहीत तेही सांगतो. सलग दोन तास, तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप येत असेल, स्रावाला घाण वास असेल, तर बोलत बसू नका, गाडी काढा. काही आठवड्यांनंतरही ती झोपत-जेवत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. जगण्यात अर्थ नाही असं एकदा जरी बोलली तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ ही सरकारची मोफत टेलिमानस हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तुमच्यासाठीही आहे ती.

चिटणीस उभे राहिले. प्रश्न चहाच्या टेबलापाशी विचारा. मला विचारलंत तर मी आकडे सांगेन. बाकीचं पहिल्या रांगेत विचारा, ती मला आधी बाहेर पाठवेल.