शोकवहीत काय लिहायचं? घरची ओळखच नसेल तर

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओत तेरवीच्या पत्रिकेचं बोललो तर खाली कमेंटमध्ये भलताच प्रश्न सुरू झाला, की भाऊ, आम्ही बसायला जातो, फोटोसमोर स्टुलावर वही असते, कोणीतरी हातात पेन देते, आणि आपण तर त्या घरी पहिल्यांदाच आलेलो, मग लिहावं काय?

सोपं आधी उरकून टाकतो. तारीख टाका, तीन-चार ओळी लिहा, खाली पूर्ण नाव, गाव, आणि कोणाच्या ओळखीनं आलात ते. नुसती सही ठोकून उठू नका. पाहुणे गेल्यावर घरचे ती वही चाळत बसतात, तेव्हा "हा संजय कोणता, दिग्रसचा का बँकेतला?" असा घोळ होते.

आता अडते कुठं तर मधल्या ओळीत. दारव्ह्याकडच्या एका पोरानं मला विचारलं, त्याच्या ऑफिसातल्या मित्राचे वडील गेले, यानं काय लिहायचं ठरवलं होतं तर "काका अत्यंत प्रेमळ व मनमिळाऊ होते, त्यांच्या जाण्याने कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली." मी म्हटलं, तू भेटला होता का त्यांना? तर म्हणे, "एकडाव भाऊ, संक्रांतीच्या आधी त्याच्या घरी गाडी आणाले गेल्तो, बुढ्यानं तुरीच्या शेंगा देल्या पिशवीभर." अरे मग हेच लिही ना बाप्पा! शेवटी त्यानं लिहिलं ते असं:

"काकांना मी एकदाच भेटलो. संक्रांतीच्या आधी गाडी घ्यायला आलो होतो, तर त्यांनी न मागता पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या आणि म्हणाले, घरी जाऊन उकडून खा. तुमच्या दुःखात सहभागी आहे."

मनमिळाऊ तर वहीत प्रत्येक पानावर सापडते. पण शेंगांची गोष्ट घरच्यांनाही माहीत नसेल, त्यांना आपल्या माणसाचा एक नवा प्रसंग मिळाला.

बरं, भेटलाच नाही कधी, तर? मग पोरगा काय सांगायचा ते आठवा, आणि त्यानं सांगितलं असंच लिहा. "गजू डबा उघडला की सांगायचा, ही वांगी बाबांनी लावलेली." झालं. तुम्ही काकांना ओळखत होता असं सोंग नाही, आणि बाप पोराच्या बोलण्यात होता हे त्या घराला कळते.

आणि तेही नसेल, काहीच माहीत नसेल, तर गेलेल्या माणसाबद्दल लिहूच नका. खरंच सांगतो, चालते. "मी बाबांना ओळखत नव्हतो, गजूसोबत काम करतो, त्याच्यासाठी आलो." एवढं खरं वाक्य पुरे. ओळख नसताना विशेषणं लावली की घरच्यांना वाचताक्षणी कळते, कारण बाबा मनमिळाऊ होते का खडूस, हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत!

एका ताईंची कमेंट आहे, "कशाला एवढा विचार, ईश्वर मृतात्म्यास शांती देवो लिहिलं की झालं." ताई, रागावू नका, पण आपल्या विदर्भात हे प्रत्येक घरी चालत नाही. १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हापासून गावोगावी बौद्ध घरं आहेत, आणि बौद्ध धम्मात ना ईश्वर, ना आत्मा. तिथं कार्यक्रमालाही तेरवी नाही, पुण्यानुमोदन म्हणतात. म्हणून पेन उचलायच्या आधी भिंतीकडे पहा. बुद्धाचा, बाबासाहेबांचा फोटो आहे का? नाहीच समजलं तर "भावपूर्ण आदरांजली" लिहा, ते कोणत्याही घरी चालते.

दुसरं, मरणाचं कारण वहीत नको. आपल्याकडे एखाद्या घरात माणूस औषध पिऊन गेलेला असते, आणि लोक लिहितात "असं टोकाचं पाऊल उचलायला नको होतं." कोणाला सांगता? वाचणारी त्याची बायको आहे! कर्ज, नापिकी, सरकार, ते सगळं बाहेर पारावर बोला. आणि बारावीतल्या पोराला "आता तूच घरचा कर्ता, हिंमत ठेव" हेही लिहू नका, त्याचे मामा-काका दिवसभर तेच ऐकवत असतात.

"काही लागलं तर सांगा" लिहायचं असेल तर नेमकं लिहा. "ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला काढायला मी सोबत येतो," असं, आणि खाली मोबाईल नंबर. जमणार नसेल तर ती ओळ सोडून द्या.

आणि हो, आपण लिहिलेल्या पानाचा फोटो काढून स्टेटसला टाकू नका, कृपा करून. लिहा, पेन वहीवर ठेवा, आणि सरका, मागं लोक उभे आहेत.