क्रीडा साहित्याचं मागणीपत्र: ‘खराब’ एवढंच लिहू नका

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कॉमेंट एकच होत्या: “सर, साहित्य खरेदीच्या मंजुरीसाठी मुख्याध्यापकांना पत्र कसं लिहायचं?” प्रति, विषय, महोदय, दिनांक हे तुम्हाला येतंच, त्यात वेळ घालवत नाही. पत्र अडतं ते ‘खराब’ या शब्दावर.

तासगाव तालुक्यातल्या एका शाळेत मी नवीन लागलो होतो. पत्रात लिहिलं, “व्हॉलीबॉल १२, पैकी ८ खराब, नवीन ८ मिळावेत.” दोन दिवसांत पत्र परत! क्लार्कनं विचारलं, “सर, आठही बाद करायचेत का? मग निर्लेखनाची यादी कुठंय?” माझ्याकडं उत्तर नव्हतं.

संध्याकाळी सगळे बॉल काढले. हवा भरली, बादलीत बुडवून बघितले, मग हवा टिकते का ते बघायला रात्रभर बाहेर ठेवले. तिघांच्या व्हॉल्व्हपाशी बुडबुडे येत होते, म्हणजे ते दुरुस्त होणारे. चार अंड्यासारखे फुगले होते. आतलं कापड फाटलं की बॉल असा एकीकडं फुगतो, तो शिवून उपयोग नाही. आणि मोजले तर अकराच! एक सापडलाच नाही.

मग पत्रातली ओळ अशी झाली:

“व्हॉलीबॉल: नोंदवहीप्रमाणे १२. वापरण्यायोग्य ४, दुरुस्तीयोग्य ३, निर्लेखनास पात्र ४, आढळून न आलेला १.”

बेरीज करा. चार, तीन, चार, एक: बारा. ही बेरीज साठा नोंदवहीशी जुळलीच पाहिजे. क्लार्क आधी तेच बघतो. मुख्याध्यापकांनाही सही करताना तोच आधार असतो, कारण तपासणीत उत्तर त्यांनाच द्यायचं असतं. आणि पुढच्या वर्षी तुमची बदली झाली, तर नवीन शिक्षक याच ओळीवरनं साहित्य ताब्यात घेणार.

एका ताईंनी विचारलंय, “हरवलेला दाखवला तर आपल्यावर येईल ना?” ताई, लपवला तर नक्की येईल. तो ‘खराब’मध्ये घातला, तर निर्लेखनाच्या वेळी चार बॉल समोर ठेवाल, पाचवा कुठनं आणाल?

आता मागणी. मुलांच्या आणि मुलींच्या संघाला सरावाला प्रत्येकी ५, म्हणजे १० बॉल लागतात. चांगले ४ आणि दुरुस्त होणारे ३ मिळून ७ झाले. कमी पडतात ३. म्हणून “३ नवीन व ३ च्या दुरुस्तीस मंजुरी मिळावी.” आठ मागितले होते तेव्हा पत्र परत आलं, तीन मागितले तेव्हा त्याच आठवड्यात सही झाली. स्पर्धेच्या आधी पोरांच्या हातात बॉल होते, मला तेच हवं होतं.

खो-खोचे खांब, थाळी, गोळा, सगळ्यांच्या ओळी अशाच लिहा. शटलकॉक, चुना या संपणाऱ्या वस्तू मात्र वेगळ्या यादीत.

आणि हात जोडून सांगतो, ते चार फुगलेले बॉल लगेच टाकू नका. निर्लेखनाचा लेखी आदेश येईपर्यंत पोत्यात बांधून, चिठ्ठी लावून खोलीतच ठेवा.