आज गवार नका नेऊ

मंडळी, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मी दोन महिने पुण्यात आईकडे होते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून भाजी आणायचं काम माझ्याकडे आलं. महात्मा फुले मंडईतल्या एका मावशींकडून आई वर्षानुवर्षं भाजी घेते. पहिल्या दिवशी मी थेट त्यांच्या गाळ्यावर गेले, भेंडी उचलली, टोक मोडून पाहिलं आणि विचारलं, "कशी दिली?" मावशींनी भाव सांगितला, अर्धा किलो तोलून दिली, पैसे घेतले. घरी आईनं चिरायला घेतली तर निम्मी जून. तिनं भेंडीबद्दल काहीच विचारलं नाही. "तू मावशींशी बोललीस का?" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी निघताना तिनं मला बसवून सांगितलं. भाजीकडे नंतर बघायचं, आधी माणसाकडे. "काय मावशी, बऱ्या आहात ना?" असं म्हणायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मी कोणाची कोण ते सांगायचं. भेंडीची टोकं मोडायची नाहीत, कारण मोडलेली भेंडी पुढचं गिऱ्हाईक घेत नाही, ती मावशींच्याच अंगावर पडते. "निवडून द्या तुम्हीच" म्हणायचं. आणि "ताजी आहे का?" असं कधी विचारायचं नाही. त्याला "आत्ताच आलीये ताई" हे एकच उत्तर असतं. "आज काय चांगलं आलंय?" असं विचारायचं, म्हणजे त्यांना बाकीचं न बोलता बाजूला ठेवता येतं.

मी तसं केलं. पहिले तीन-चार दिवस उत्तरं तुटकच होती. मग एका सकाळी मी सहज म्हटलं, "रात्री केवढा पाऊस झाला, तुम्ही मार्केट यार्डात कशा पोचलात?" मावशींनी हातातली जुडी खाली ठेवली. पहाटे गुलटेकडीला गाड्या उशिरा आल्या, माल भिजून आला, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "कोथिंबीर आजच वापरणार असाल तर न्या. उद्यापर्यंत काळी पडंल. आणि आज गवार नका नेऊ, जून हाय."

मी उभी राहून ऐकतच राहिले. समोर गवारीचा ढीग होता, आणि ती विकण्यासाठीच त्या बसल्या होत्या. पाऊस, गाडी, गावाकडची लावणी या गप्पांना आपण वेळ घालवणं म्हणतो. मला वाटतं त्यांतच भाजीची खरी बातमी असते, आणि ती विचारपूस करणाऱ्यालाच मिळते. आईला त्या दिवशी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता त्यांनी तुला ओळखलं." नको म्हणून सांगणं ही तिच्या लेखी ओळखीची खूण होती. वरून घातलेला कढीपत्ता आणि दोन मिरच्या तर सगळ्यांनाच मिळतात.

गप्पांनाही वेळकाळ असतो, हे मी चुकूनच शिकले. एकदा अगदी सकाळी गेले, पाचशेची नोट होती, सुट्टे नव्हते. "उद्या देते हं मावशी" म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. "भवानी व्हायचीये ताई," एवढंच बोलल्या. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ते पैसे तराजूला लावून कपाळाला लावतात, तिथे उधारी चालत नाही, फार घासाघीसही नाही. मी शेजारच्या गाळ्यावरून नोट मोडून आणली. तीच उधारी संध्याकाळी त्यांनी स्वतःहून दिली असती, पण दुसऱ्या दिवशी न विसरता फेडायची. रविवारी गर्दी असते, तेव्हा नुसतं "राम राम" आणि पिशवी पुढे, पुरे.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. बाहेरच्या हातगाडीवर टोमॅटो स्वस्त दिसले, दोन किलो घेतले आणि मावशींसमोरून जाताना पिशवी ओढणीखाली धरली. त्यांनी पाहिलं. पुढचे दोन दिवस "काय देऊ?" याखेरीज शब्द नाही. स्वस्त घेतल्याचा त्यांना राग नव्हता, लपवल्याचं दुःख होतं. तिसऱ्या दिवशी मी सरळ म्हटलं, "मावशी, त्या दिवशी गाडीवरून टोमॅटो घेतले. तुम्हाला सांगायला हवं होतं."

त्यांनी विचारलं, "कशे दिले?" मी भाव सांगितला. उरलेले काही पिशवीत होते, ते त्यांनी मागून घेतले, एकेक दाबून पाहिले, त्यातला एक बाजूला काढला.

"चांगलेत," म्हणाल्या. "पण ह्यो आजच वापरा. बसा, वांगी दावते."