नव्वदाव्या दिवसाच्या आत

(इंदूरच्या एका मराठी मंडळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. विषयपत्रिकेवर ‘गृहकर्ज थकलं तर : पहिल्या हप्त्यापासून लिलावापर्यंत’ असं छापलं आहे. लिलावापर्यंत जाऊ, पण मला मुख्यतः सुरुवातीच्या तीन महिन्यांबद्दल बोलायचं आहे. नोकरीची शेवटची वर्षं मी बँकेच्या वसुली विभागात काढली आणि आता निवृत्तीनंतर लोक कागद घेऊन घरी येतात. बहुतेक जण दारावर ताब्याची नोटीस चिकटली की येतात. तोवर सगळ्यात स्वस्त उपाय हातचा गेलेला असतो.

एक उदाहरण घेतो. नाव-गाव बदलून सांगतो, आकडे हिशेबाला सोपे केले आहेत. सुदामानगरातलं कुटुंब. 25 लाखांचं कर्ज, 20 वर्षांची मुदत, व्याज 9 टक्के. हप्ता साधारण साडेबावीस हजार. पाच वर्षं एकही हप्ता चुकला नाही. मग कारखाना बंद पडला आणि 5 जानेवारीचा हप्ता परत गेला. आता सांगा, पाच वर्षं नियमित फेडल्यावर किती कर्ज उरलं असेल? मागून कोणीतरी पंधरा लाख म्हणतंय. नाही हो. सव्वाबावीस लाखांच्या जवळपास! सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा वाटा व्याजातच जातो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

5 जानेवारीपासून बँकेच्या संगणकात दिवस मोजले जातात. तीस दिवस, साठ दिवस, असे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला खात्याचं नाव बदलतं. नव्वद दिवस भरले, म्हणजे फेब्रुवारी 28 दिवसांचा धरला तर 5 एप्रिलला, खातं एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या लेखी ते वसुलीत अडकलेलं कर्ज ठरतं. हे कुणा मॅनेजरच्या मर्जीवर नसतं, दिवसअखेरीला संगणकच करतो.

आता नीट ऐका, कारण आजच्या भाषणातलं हे सगळ्यात कामाचं. दिवस मोजले जातात ते सगळ्यात जुन्या थकलेल्या हप्त्यापासून. समजा मार्चअखेरीला तीन हप्ते थकले आहेत आणि तुमच्याकडे एकाच हप्त्याचे पैसे आहेत. लोक म्हणतात, ‘‘एक भरून काय होणार, जमले की तिन्ही एकदम भरू.’’ पण तो एक भरला की जानेवारीचा हप्ता फिटतो आणि मोजणी 5 फेब्रुवारीपासून धरली जाते. नव्वदावा दिवस मे महिन्यात जातो. साडेबावीस हजारांत अख्खा महिना मिळाला. फक्त चेक परत गेल्याचा दंड आधी कापून हप्ता अपुरा राहत नाही ना, हे शाखेत विचारा आणि जमा झाल्यावर खात्याचा उतारा काढून पाहा.

5 एप्रिल उलटला की हे बंद. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्टच केलं की एकदा एनपीए झालेलं खातं सगळी थकबाकी भरल्याशिवाय पुन्हा नियमित धरायचं नाही. आपल्या उदाहरणात तोवर चार हप्ते, म्हणजे नव्वद हजार, वर दंड. नोकरी गेलेल्या माणसाने ते आणायचे कुठून?

या तीन महिन्यांत शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यायचा : नोकरी अमुक तारखेला गेली, मुदत वाढवून हप्ता कमी करून द्या. बँक हो म्हणेलच असं नाही. पण खातं नियमित असताना मॅनेजरच्या हातात जे असतं, ते एनपीएनंतर वसुली विभागाकडे जातं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. फोनवरच्या बोलण्याला पुढे कोणी विचारत नाही.

आता माझी जुनी तक्रार, आणि ती मी प्रत्येक सभेत करतो. या घरातल्या काकांनी पोस्टमनला सांगितलं, ‘‘बँकेचं आहे ना, परत पाठव.’’ नंतर आलेलं एक पाकीट घेतलं आणि देवघराच्या खणात ठेवलं. न उघडता. बायको सहकर्जदार, तिची सही प्रत्येक कागदावर, आणि तिला पत्ता नाही! तिच्या माहेरचे लोक चार हप्ते सहज भरू शकले असते. मला विचारलंत तर घर बायकोच्या सहीने घेतलं असेल तर हप्ता चुकल्याची बातमी तिला त्याच दिवशी कळली पाहिजे. लाज वाटते, हे मला समजतं. पण पाकीट नाकारून मुदत थांबत नाही. तुम्ही घेतलं नाही तर कायद्यात ती नोटीस दारावर चिकटवून वर्तमानपत्रात छापायची सोय आहे. म्हणजे जे बायकोपासून लपवलं, ते अख्ख्या गल्लीने वाचलं.

खणातलं ते पाकीट म्हणजे बँकेला कोर्टात न जाता गहाण घरातून वसुली करू देणारा जो सरफेसी कायदा, 2002, त्याच्या कलम 13(2) ची नोटीस. तिच्यात चार हप्ते नसतात, सगळं कर्ज मागितलेलं असतं. तेच सव्वाबावीस लाख आणि वरचं व्याज. मुदत साठ दिवस. या साठ दिवसांत लेखी हरकत घेता येते आणि बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. हरकतीत रडगाणं लिहू नका. कोणती रक्कम जमा धरली नाही, दंड कुठे जास्त लावला, आणि थकबाकी कोणत्या तारखांना किती भरणार, एवढं लिहा. सगळी थकबाकी एकदम आणता आली तर याही टप्प्यावर बँका बहुधा ऐकतात, पण ऐकायला बांधील नसतात.

...अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. लिलाव राहिलाच. भरभर सांगतो.

साठ दिवसांनंतर बँक कलम 13(4) खाली ताबा घेते. आधी कागदोपत्री : दारावर नोटीस आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत जाहिरात. तुम्ही घरातच असता. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. ताब्याच्या कारवाईपासून 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. आपल्यासाठी ते जबलपूरला. नुसता अर्ज केला म्हणून स्थगिती मिळत नाही. नोटीस चुकीची, हिशेब चुकीचा, हरकतीला उत्तर नाही, असं काही ठोस लागतं.

घर स्वतः विकायचं ठरलं तर लिलावाची वाट पाहू नका. 13(2) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही, पण गिऱ्हाईक घेऊन गेलात आणि पैसे थेट कर्जखात्यात येणार असतील तर संमती मिळण्याची शक्यता चांगली असते. लिलावातल्या गिऱ्हाइकापेक्षा तुमचं गिऱ्हाईक बहुधा जास्त देतं.

आणि लोक इथेच फसतात. ‘लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे भरू,’ असं काकाही म्हणत होते. 2016 च्या दुरुस्तीनंतर सगळी रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये बाफना मोटर्सच्या प्रकरणात हेच सांगितलं. पहिल्या लिलावाची जाहिरात निदान तीस दिवस आधी येते. म्हणजे तुम्ही ज्याला शेवटचा महिना समजता, त्यात हक्क उरलेलाच नसतो. त्यानंतर पैसे घ्यायचे की नाही, ते बँकेवर.

लिलाव झालाच तर घेणाऱ्याला पाव रक्कम त्याच दिवशी किंवा कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरावी लागते, उरलेली साधारण पंधरा दिवसांत. कर्ज आणि खर्च वजा जाऊन जे उरेल, ते तुमचं असतं. त्यासाठी बँकेला लेखी पत्र द्या आणि खर्चाचा तपशील बाबवार मागा. काकांच्या पत्नीने तो मागितला. वकिलाची फी त्यात दोनदा धरलेली निघाली आणि ते पैसे तिला परत मिळाले.