भागीदाराने पेढीला दिलेलं कर्ज: भांडवलात मिसळू नका

मंडळी, भागीदारी पेढीच्या वह्यांमध्ये एक रक्कम हमखास चुकीच्या घरात जाऊन बसते. पेढीला पैशांची चणचण भासते, एखादा भागीदार स्वतःच्या खात्यातून रक्कम आणून देतो आणि हिशेबनीस ती त्याच्या भांडवल खात्याला जमा करून मोकळा होतो. पैसा भागीदाराचाच आहे, मग खातं वेगळं कशाला, असा त्यामागचा विचार. आज याच एका नोंदीबद्दल बोलायचं आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. अमोल, वैशाली आणि सदानंद हे तिघं नफा-तोटा सारखा वाटून घेणारे भागीदार आहेत. भांडवलं स्थिर पद्धतीने ठेवलेली आहेत: अमोलचं 1,00,000, वैशाली आणि सदानंद यांची प्रत्येकी 2,00,000 रुपये. हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं. 1 ऑक्टोबरला वैशालीने पेढीला 3,00,000 रुपये कर्ज म्हणून दिले. 31 डिसेंबरला पेढीने त्यातले 1,00,000 परत केले. व्याजाच्या दराबद्दल करारपत्रात अवाक्षर नाही.

दर ठरलेला नाही म्हणजे व्याज नाही, असं अनेकांना वाटतं. भांडवलाच्या बाबतीत ते खरं आहे. करारात नसेल तर भांडवलावर व्याज मिळत नाही, आणि असलं तरी ते फक्त नफ्यातूनच द्यायचं. पण ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्तीची रक्कम भागीदाराने धंद्यासाठी दिली, तर भारतीय भागीदारी कायदा 1932 च्या कलम 13 नुसार त्याला दरसाल 6 टक्के व्याज मिळण्याचा हक्क आहे. वेगळा दर ठरवला असेल तर तो लागू. न ठरवल्यास 6 टक्के, शून्य नव्हे.

पहिली नोंद सोपी आहे. 1 ऑक्टोबरला बँक खाते नावे 3,00,000, वैशालीच्या कर्ज खात्याला जमा 3,00,000. खात्याचं नाव पूर्ण लिहा: ‘वैशालीचे कर्ज खाते’. नुसतं ‘वैशाली खाते’ लिहिलं की सहा महिन्यांनी ते भांडवल होतं, चालू खातं होतं की कर्ज, हे कुणालाच सांगता येत नाही. नोंदीखालच्या स्पष्टीकरणात कर्जाची तारीख आणि दर लिहून ठेवा, आणि तिघांच्या सह्यांचं एक पानी पत्र फाइलला लावा. रक्कम बँकेतूनच येऊ द्या, रोखीने नको. ‘हे कर्जच होतं’ हे पुढे दाखवायची वेळ आली, तर तेच पत्र आणि बँकेचा उतारा कामी येतात.

परतफेडीची नोंद याच्या उलट. 31 डिसेंबरला वैशालीचे कर्ज खाते नावे 1,00,000, बँक खात्याला जमा 1,00,000. हे पैसे उचल खात्याला टाकणं ही नेहमीची चूक. उचल म्हणजे भागीदाराने नफ्याच्या भरवशावर किंवा भांडवलातून काढलेली रक्कम. इथे पेढी आपलं देणं फेडते आहे. उचलीला टाकलं, तर कर्ज खात्यात पूर्ण तीन लाख तसेच राहतात आणि मार्चमध्ये त्यावर फाजील व्याज निघतं. शिवाय करारात उचलीवर व्याज आकारायची अट असेल, तर स्वतःचेच पैसे परत घेतल्याबद्दल वैशालीला व्याज भरावं लागेल!

आता व्याज. ते काढताना शिल्लक जिथे बदलली तिथे कालावधी तोडायचा. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने शिल्लक 3,00,000, म्हणून 6 टक्क्यांनी 4,500. जानेवारी ते मार्च शिल्लक 2,00,000, म्हणून 3,000. एकूण 7,500. कुणी वर्षअखेरची शिल्लक धरून सहा महिन्यांचं 6,000 काढतो, कुणी मूळ रकमेवर 9,000; दोन्ही चूक. बारा महिन्यांचं 18,000 काढणारेही भेटतात. दर ‘दरसाल’ आहे, पण पैसा पेढीत सहाच महिने होता, हे त्यांच्या नजरेतून सुटतं. दिवसांनी मोजलं तर काही रुपयांचा फरक पडेल. महिने धरा किंवा दिवस धरा, पण एकच पद्धत कायम ठेवा.

31 मार्चची नोंद: कर्जावरील व्याज खाते नावे 7,500, वैशालीच्या देय व्याज खात्याला जमा 7,500. पुस्तकांत बहुधा हे व्याज थेट कर्ज खात्यालाच जमा केलेलं दिसेल. ते चूक नाही. पण माझं मत असं की देय व्याजाचं खातं वेगळं असावं. व्याज कर्ज खात्यात मिसळलं की शिल्लक 2,07,500 दिसते, आणि पुढच्या वर्षी हिशेबनीस त्याच आकड्यावर 6 टक्के लावतो. तसं ठरलेलं नसताना सरळ व्याज चक्रवाढ होऊन बसतं. दोन खाती ठेवली की मुद्दल किती आणि व्याज किती हे कधीच विचारावं लागत नाही.

हे व्याज वैशालीच्या भांडवल किंवा चालू खात्याला मात्र जमा करू नका. पेढी वैशालीला ते देणं लागते ती धनको म्हणून.

त्यानंतर व्याज खातं बंद करायचं: नफा-तोटा खाते नावे 7,500, कर्जावरील व्याज खात्याला जमा 7,500. इथे नीट थांबा. ही रक्कम नफा-तोटा खात्यात जाते, नफा-तोटा विनियोग खात्यात नाही. विनियोग खात्यात नफ्याची वाटणी होते. तिथे भांडवलावरचं व्याज आणि भागीदारांचा पगार येतो. कर्जावरचं व्याज हा नफा काढण्याआधीचा खर्च आहे, बँकेच्या कर्जावरचं असतं तसा.

दोन्ही घरांतला फरक चांगल्या वर्षी दिसत नाही. समजा व्याजापूर्वीचा नफा 97,500 आहे. व्याज वजा जाता 90,000 उरतात, प्रत्येकाला 30,000. हेच व्याज विनियोग खात्यात दाखवलं तरी वाटणी तीच येते, म्हणून चूक पचून जाते. पण व्याजापूर्वीचा नफा 4,500 च असेल तर? बरोबर पद्धतीने व्याज पूर्ण 7,500 लागतं, पेढीला 3,000 तोटा होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला 1,000 तोटा येतो. वैशालीला 7,500 व्याज मिळतं आणि ती 1,000 तोटा सोसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. विनियोग खात्यात टाकणारा मात्र म्हणतो, नफाच 4,500 आहे, तेवढंच व्याज देऊ. वैशालीच्या व्याजातले 3,000 तिथेच गेले.

प्राप्तिकराचं थोडक्यात सांगतो. भागीदाराला दिलेलं व्याज पेढीला खर्च म्हणून वजा मागायचं असेल, तर ते करारपत्राने अधिकृत केलेलं असावं लागतं आणि दरसाल 12 टक्के सरळ व्याजापर्यंतच मान्य होतं. 15 टक्के ठरवायला भागीदारांना मनाई नाही. वरचे 3 टक्के पेढीच्या करपात्र उत्पन्नात मिळवले जातात, इतकंच. म्हणूनच करारपत्र मुकं ठेवून कायद्याच्या 6 टक्क्यांवर विसंबण्यापेक्षा कर्जाच्या व्याजाचं कलम त्यात घालून घ्या. शिवाय 1 एप्रिल 2025 पासून भागीदाराचा पगार, कमिशन, बोनस आणि व्याज मिळून वर्षात 20,000 रुपयांच्या वर गेलं, तर पेढीला 10 टक्के टीडीएस कापावा लागतो. रक्कम खात्याला नुसती जमा केली तरी कपात लागू होते. वैशालीला बाकी काही मिळत नसेल, तर 7,500 या मर्यादेच्या आत आहेत.

पुढच्या वर्षाकडे येऊ. 30 जूनला पेढीने वैशालीचं सगळं देणं चुकतं केलं. मुद्दल 2,00,000, मागचं देय व्याज 7,500, आणि एप्रिल ते जून या तीन महिन्यांचं नवं व्याज 3,000. धनादेश 2,10,500 चा. नोंद एकच, पण नावे बाजूला तीन ओळी: वैशालीचे कर्ज खाते 2,00,000, देय व्याज खाते 7,500, कर्जावरील व्याज खाते 3,000. जमा बाजूला बँक 2,10,500.

घाईत सगळे 2,10,500 कर्ज खात्याला नावे टाकले जातात. ही चूक पकडायला सोपी आहे. कर्ज खात्यात 10,500 ची नावे शिल्लक उरते, म्हणजे वैशालीच पेढीचं देणं लागते असं दिसतं. देय व्याज खात्यात मात्र 7,500 जमा तशीच पडून असते. उरलेले 3,000 म्हणजे नोंदच न झालेला खर्च. फेडून झालेल्या कर्ज खात्यात नावे शिल्लक दिसली, की व्याज कुठेतरी मुद्दलात गेलं हे समजा.

ताळेबंदात हे कर्ज देयतांच्या बाजूला, पण भांडवलाच्या खाली वेगळ्या ओळीत. आपल्या उदाहरणात 31 मार्चला कर्ज 2,00,000 आणि देय व्याज 7,500.

शेवटचा प्रश्न पेढी मोडण्याचा. कलम 48 प्रमाणे मालमत्तेच्या पैशांतून आधी बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांची कर्जं, मग भांडवल. पण सगळे भागीदार आपापली तूट भरू शकत असतील, तर कर्ज भांडवलात मिसळलं तरी शेवटचा आकडा बदलत नाही. एखाद्याचं दिवाळं वाजलं की फरक पडतो.

समजा 31 मार्चलाच पेढी मोडली आणि तोटा 4,80,000 झाला, प्रत्येकी 1,60,000. अमोलच्या भांडवलात 60,000 ची तूट आली आणि तो एक रुपयाही देऊ शकत नाही. करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर गार्नर विरुद्ध मरे या इंग्लिश खटल्यातल्या नियमाने ही तूट इतर दोघं भांडवलाच्या प्रमाणात सोसतात. वैशाली आणि सदानंद यांची भांडवलं 2,00,000 आणि 2,00,000, म्हणून प्रत्येकी 30,000. आता कर्जाचे 2,00,000 वैशालीच्या भांडवलात मिसळून ठेवले असते, तर प्रमाण 4,00,000 ला 2,00,000 झालं असतं. वैशालीवर 40,000 आले असते, सदानंदवर 20,000. पेढी अडचणीत असताना पैसे दिले, आणि एका चुकीच्या जमा नोंदीने वैशालीला 10,000 रुपयांचा फटका बसला.